एक तार, दोन घोड्या: स्थिर तरंग घरी कसे मोजायचे

दोन्ही टोकांना बांधलेली तार छेडली की ती हवा तसा सूर काढत नाही. तिला ठरावीकच सूर येतात, आणि ते कोणते हे तार छेडण्याआधी कागदावर काढता येतं. बारावीच्या प्रयोगशाळेत सोनोमीटरवर हे करून घेतात, पण तिथे एकेका टेबलाभोवती आठ-दहा जण असतात आणि आपल्या हाती शेवटी फक्त जर्नलमधलं कोष्टक येतं. म्हणून हा प्रयोग घरी, एका फळीवर, सावकाश करावा असं मला मनापासून वाटतं. पुढे जे आकडे दिले आहेत ते माझ्या फळीचे आहेत. तुमचे थोडे वेगळे येतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

आधी दोरी, मग तार

तारेचं कंपन डोळ्यांना दिसत नाही, ते फार जलद असतं. त्यामुळे सुरुवात जाड दोरीने करा. तीन-चार मीटर लांब दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधा, दुसरं हातात धरा, दोरी थोडी ताणा आणि हाताला वरच्या बाजूने एकच झटका द्या. एक उंचवटा दोरीवरून गजाकडे धावत जाईल, आणि परत येताना तो उंचवटा नसेल, खळगा असेल. बांधलेलं टोक हलू शकत नाही. उंचवटा तिथे पोचला की तो गजाला वर ओढू पाहतो आणि गज तेवढ्याच जोराने दोरीला खाली ओढतो. त्या ओढीतूनच उलटा तरंग जन्माला येतो.

आता हात एका लयीत वर-खाली हलवत राहा. जाणारे तरंग आणि उलटून येणारे तरंग एकमेकांवर चढतात. बहुतेक लयींना दोरीत नुसता गोंधळ दिसतो. पण एका विशिष्ट लयीला दोरी अचानक शिस्तीत येते आणि सगळी मिळून एकाच फुगाऱ्यासारखी वर-खाली होऊ लागते. लय दुप्पट केली की दोन फुगारे होतात आणि मधला एक बिंदू जागच्या जागी थांबतो. तिप्पट केली की तीन फुगारे आणि मध्ये दोन थांबलेले बिंदू. तरंग आता कुठे धावताना दिसत नाही, म्हणून याला स्थिर तरंग म्हणायचं. न हलणारा बिंदू म्हणजे निस्पंद, कॉलेजच्या भाषेत नोड. फुगाऱ्याचा सर्वांत रुंद भाग म्हणजे प्रस्पंद, म्हणजेच अँटिनोड. पुढे मी नोड आणि अँटिनोड हेच शब्द वापरते, कारण बोलताना तेच तोंडात येतात.

इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण नवशिक्यांची निम्मी गणितं इथे चुकतात. एक फुगारा म्हणजे पूर्ण तरंग नव्हे, अर्धा तरंग. पूर्ण तरंगात एक उंचवटा आणि एक खळगा दोन्ही येतात. त्यामुळे दोन शेजारच्या नोडमधलं अंतर हे तरंगलांबीच्या निम्मं असतं, आणि दोरीवर एकच फुगारा असेल तर तरंगलांबी दोरीच्या दुप्पट असते. दोरीपेक्षा तरंग लांब कसा, हा प्रश्न पडतोच. दोरीवर त्याचा निम्माच भाग एका वेळी मावलेला असतो, इतकंच.

फळी कशी मांडायची

साधारण ८० सेंमी लांब, जाड, न वाकणारी फळी घ्या. जुन्या दाराची पट्टी चालते. तारेसाठी वाद्यांच्या दुकानातून गिटारची साधी, वरून दुसरी तार न गुंडाळलेली पोलादी तार आणा, ०.०१२ इंच जाडीची. पाकिटावर जाडी छापलेली असते आणि ती बऱ्यापैकी खरी असते. हार्डवेअरच्या दुकानातली बांधायची तार नको. ती मऊ असते, ताणाखाली लांबत राहते आणि सूर दर मिनिटाला उतरतो.

तारेच्या टोकाला जी पितळी गोळी असते ती फळीच्या एका कडेला स्क्रूमध्ये अडकवा. दुसरं टोक फळीच्या दुसऱ्या कडेला बसवलेल्या छोट्या कप्पीवरून खाली सोडा आणि त्याला पाण्याचा कॅन टांगा. कॅनसकट वजन बरोबर ५ किलो होईल इतकं पाणी भरा. तारेची गाठ पोलादावर सरकते, म्हणून टोक एका एस-आकाराच्या हुकाला चार-पाच वेढे देऊन मग पिळा. कॅनखाली जुनी गोधडी ठेवा, पाय त्याच्या खाली नेऊ नका आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. तुटलेली तार चाबकासारखी येते.

आता दोन घोड्या. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तारांखाली जी घोडी असते, तिचंच काम आपल्याकडे लाकडाच्या दोन त्रिकोणी पट्ट्या करतील. वरची धार नीट, सरळ आणि टणक हवी. शक्य असेल तर धारेवर खिळ्याचा गुळगुळीत तुकडा बसवा. दोन धारांमधलं अंतर ६० सेंमी ठेवा. घोड्या इतक्याच उंच हव्यात की तार त्यांच्यावर नीट टेकेल. फार उंच केल्या तर तार घोडीवर जास्त वाकते, आणि त्याचा त्रास कसा होतो ते थोड्या वेळात येईलच.

छेडण्याआधी हिशोब

तीन गोष्टी लागतात: तारेची लांबी, तारेतला ताण आणि तारेचं दर मीटर वस्तुमान.

लांबी म्हणजे दोन घोड्यांमधली, तारेची सगळी नव्हे. आपली ०.६० मीटर.

ताण म्हणजे कॅनचं वजन. ५ किलोला आपल्याकडच्या गुरुत्वाने, म्हणजे ९.७८ ने गुणलं की ४८.९ न्यूटन. नुसते ५ लिहून पुढे गेलात तर उत्तर तिपटीहून जास्त फरकाने चुकेल.

दर मीटर वस्तुमान काढायचे दोन मार्ग आहेत. पहिला जाडीवरून: ०.०१२ इंच म्हणजे ०.३०५ मिलिमीटर व्यास, त्याची निम्मी त्रिज्या, त्यावरून छेदाचं क्षेत्रफळ, आणि त्याला पोलादाच्या घनतेने (दर घनमीटर ७८५० किलो) गुणायचं. उत्तर येतं दर मीटर सुमारे ०.५७३ ग्रॅम, म्हणजे ०.०००५७३ किलो. इथे व्यास आणि त्रिज्या यांची अदलाबदल झाली तर वस्तुमान चौपट येतं आणि सूर बरोबर एक सप्तक खाली निघतो. उत्तर नेमकं निम्मं किंवा दुप्पट आलं की आधी हेच तपासावं. दुसरा मार्ग म्हणजे तार तोलायची. स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही, त्याला अर्धा ग्रॅम दिसतच नाही. ओळखीच्या सोनाराकडे जा. त्याचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. गोळी कापून टाकलेला, नीट मोजलेला तुकडा तोलायचा आणि लांबीने भागायचं.

आता तारेवरून तरंग किती वेगाने धावतो ते काढू:

```
v = √(T / μ)
```

T म्हणजे ताण आणि μ म्हणजे दर मीटर वस्तुमान. ४८.९ भागिले ०.०००५७३ याचं वर्गमूळ घेतलं की सेकंदाला सुमारे २९२ मीटर येतात. हा वेग हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या आसपासचा आहे हा निव्वळ योगायोग. कॅनमधलं पाणी कमी करा, तो बदलेल. हवेतला वेग मात्र तुमच्या कॅनची दखल घेत नाही.

सूत्र पाठ करण्याआधी एकदा त्या तरंगासोबत फिरून या. घोडीपासून निघालेला उंचवटा ६० सेंमी जातो, उलटतो, ६० सेंमी परत येतो, पहिल्या घोडीवर पुन्हा उलटतो. दोनदा उलटल्यामुळे तो आता मूळच्याच रूपात आहे. म्हणजे १.२० मीटरच्या एका फेरीनंतर तार पुन्हा पहिल्यासारखी होते. २९२ च्या वेगाने या फेरीला सुमारे ४.११ मिलिसेकंद लागतात, आणि अशा फेऱ्या सेकंदाला सुमारे २४३ होतात. हीच तारेची मूळ वारंवारता, २४३ हर्ट्झ. पेटीवर पाहिलं तर मध्य सप्तकाच्या लगेच खालची पांढरी सात, किंचित उतरलेली. सूत्रातला 2L कुठून आला ते या फेरीत दिसतं, आणि एकदा दिसलं की विसरता येत नाही.

तारेचे सगळे ठरावीक सूर, म्हणजेच तिचे हार्मोनिक, एकत्र लिहिले तर:

```
f = (n / 2L) × √(T / μ)     n = 1, 2, 3, ...
```

n म्हणजे तारेवरच्या फुगाऱ्यांची संख्या. त्यामुळे आपल्या तारेचे सूर २४३, ४८७, ७३०, ९७४, १२१७ हर्ट्झ असे येतात. मधला कुठलाही आकडा, समजा ३०० हर्ट्झ, या तारेवर टिकू शकत नाही, कारण त्या वारंवारतेचे अर्धे तरंग ६० सेंमीत पूर्ण संख्येने मावत नाहीत आणि टोकाला हालचाल शिल्लक राहते. घोडी ती होऊ देत नाही.

मोजणीत आणखी एक गफलत होते. दुसऱ्या हार्मोनिकलाच पहिला ओव्हरटोन म्हणतात. प्रश्नात ‘तिसरा ओव्हरटोन’ असेल तर n चार घ्यायचा. आणि नोड मोजताना दोन्ही टोकं धरायची: n फुगाऱ्यांना n अधिक एक नोड.

पहिला सूर, आणि तो का चुकतो

तार मधोमध हलकेच छेडा आणि फोनवरच्या ट्यूनर अॅपमध्ये हर्ट्झचा आकडा पाहा. कॅन झुलत असेल तर थांबा, झुलण्यात ताण बदलत राहतो. जोरात छेडू नका. मोठ्या कंपनात तार क्षणभर जास्त ताणली जाते आणि सूर आधी चढा लागून मग उतरतो. अॅपने २४३ च्या जागी ४८७ दाखवलं तर घाबरू नका, छेडताना बोट मधोमधपासून थोडं सरकलं आणि अॅपने दुसरा हार्मोनिक पकडला आहे.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्याकडे कप्पी नव्हती. तार टेबलाच्या गोलसर कडेवरून खाली सोडली होती. हिशोब २४३ म्हणत होता आणि अॅप २०८. दोन दिवस मी तारेची जाडी पुन्हा पुन्हा मोजली. तार निर्दोष होती, चूक टेबलाच्या कडेची होती. कडेवर तार काटकोनात वळते, आणि वळणाऱ्या तारेचं घर्षण साध्या घर्षणापेक्षा फार जास्त ताण खातं. घर्षणाचा गुणक ०.२ धरला तर काटकोनी वळणापलीकडे ताणाचा ७३ टक्केच भाग पोचतो. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ०.७३ चं वर्गमूळ ०.८५, आणि २४३ च्या ०.८५ पट म्हणजे २०८ च्या जवळ. आकडा जुळला तेव्हा दोष कुठे होता ते कळलं.

कप्पी लावल्यावर आकडा २३९ वर आला. अजून चार हर्ट्झ कमी. उरलेलं घर्षण घोडीवरचं. तार तिथे जेमतेम दहा अंश वाकते, पण तेवढ्यानेही साडेतीन टक्के ताण जातो. हे कसं ओळखायचं? कॅन हाताने थोडा उचला आणि अलगद सोडा, मग छेडून आकडा लिहा. आता कॅन किंचित खाली दाबा, सोडा, पुन्हा छेडा. माझ्याकडे पहिल्या वेळी २३९ आणि दुसऱ्या वेळी २४८ आले. कॅन उचलून सोडला की घोडी अलीकडच्या तारेत ताण पूर्ण येऊ देत नाही. दाबून सोडला की जास्तीचा ताण अडकवून ठेवते. खरा आकडा दोन्हींच्या मध्ये, २४३ च्या अगदी जवळ. दोन आकड्यांत फरकच नसेल तर तुमच्या घोड्या उत्तम आहेत. फरक दहाच्या वर असेल तर धार घासून गुळगुळीत करा आणि घोडीची उंची कमी करा. जर्नलमध्ये ‘प्रायोगिक त्रुटी’ असा एकच शब्द लिहून विषय संपवतात. तो शब्द लिहिण्याआधी कॅन एकदा दाबून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ताणाचं नाव वर्गमुळात आहे याची खात्री करायची तर पाणी ओतून टाका. वजन अडीच किलो केलं की सूर निम्मा होत नाही, १७२ वर येतो. निम्मा, म्हणजे १२२ च्या आसपास, यायला वजन सव्वा किलोच करावं लागतं.

नोड बोटाने शोधायचे

पाणी पुन्हा भरून ५ किलो करा. कागदाच्या अर्धा सेंमी रुंद, एक सेंमी लांब चिमुकल्या पट्ट्या कापा, मधोमध घडी घाला आणि उलट्या व्ही-सारख्या तारेवर बसवा. हे कागदी स्वार. फळीवर घोडीपासून दर ५ सेंमीला पेन्सिलने खूण करा.

स्वार १५, ३० आणि ४५ सेंमीवर बसवा. आता ३० सेंमीच्या स्वाराशेजारी बोटाचं टोक तारेला फक्त टेकवा, दाबू नका, आणि घोडीपासून सात-आठ सेंमीवर तार छेडून लगेच बोट काढा. १५ आणि ४५ वरचे स्वार उडतील, ३० वरचा बसून राहील. कानाला मूळ सुराच्या वरचा सा येईल, अॅपवर ४८७.

मग स्वार ३०, ४० आणि ५० सेंमीवर ठेवा, बोट २० वर टेकवा आणि १० वर छेडा. आता ४० वरचा स्वार टिकतो, ३० आणि ५० वरचे पडतात. ३० सेंमी, जिथे मघाशी तार जागची हलत नव्हती, तिथेच आता अँटिनोड आहे. नोड हा तारेचा गुण नाही, त्या त्या हार्मोनिकचा आहे.

बोट नेमकं काय करतं? छेडलेल्या तारेत सगळे हार्मोनिक एकाच वेळी असतात. २० सेंमीवर बोट टेकलं की त्या जागी ज्यांची हालचाल आहे ते सगळे मरतात. ज्यांचा तिथे नोड आहे, म्हणजे तिसरा, सहावा, नववा, तेवढे वाचतात, आणि कानाला त्यांतला सर्वांत खालचा, तिसरा, ऐकू येतो. म्हणूनच बोट १२ सेंमीवर टेकवा की २४ वर, दोन्हीकडे १२१७ हर्ट्झच येतात, कारण पाचव्या हार्मोनिकचे नोड १२, २४, ३६, ४८ या सगळ्या जागी असतात. पहिल्यांदा हे ऐकणाऱ्याला वाटतं की २४ वर खालचा सूर यायला हवा. तो गिटारच्या पडद्यावर बोट दाबल्याचा अनुभव असतो. दाबल्याने तारेची लांबीच बदलते. २० सेंमीवर फळीशी पक्की दाबली तर उरलेल्या ४० सेंमीचा ३६५ हर्ट्झचा सूर येतो. टेकवल्याने लांबी ६० च राहते, फक्त हार्मोनिक निवडला जातो. हा फरक एकदा हाताला कळला की सूत्रातले n आणि L कधी मिसळत नाहीत.

सूर उमटला नाही तर बहुतेक वेळा बोट दोन-तीन मिलिमीटर चुकलेलं असतं, किंवा ते उशिरा निघालेलं असतं, किंवा तुम्ही नेमकं त्या हार्मोनिकच्या नोडवरच छेडलेलं असतं. पाचव्यापुढे जागा फार जपून धरावी लागते.

स्वरकाट्याने तपासणी

२५६ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपला स्वरकाटा, मिळाला तर उलट दिशेने गणित करता येतं. वेग २९२ आहे, हवी ती वारंवारता २५६ आहे, तर लांबी किती? वेगाला वारंवारतेच्या दुपटीने, म्हणजे ५१२ ने भागायचं: सुमारे ५७ सेंमी. मधोमध एक स्वार बसवा, फोर्क रबराच्या पॅडवर आपटून त्याचा दांडा फळीवर टेकवा आणि एक घोडी हळूहळू आत सरकवा. योग्य लांबीला स्वार थरथरून उडतो. तुम्ही तारेला हातही लावलेला नसतो. माझा स्वार पहिल्यांदा ५६ वर उडाला. पुन्हा घोडीचं घर्षण: कॅन दोन्ही बाजूंनी हलवून घेतल्यावर ५७ च्या जवळ आला. घोडी सरकवली की दर वेळी कॅनला असा हलका धक्का द्यायला विसरू नका.

हिशोब कुठे थोडा सैल पडतो

हे सूत्र अगदी लवचीक तारेचं आहे. खरी पोलादी तार वाकायला थोडा विरोध करते. जितके फुगारे जास्त तितकं वाकणं जास्त, त्यामुळे वरचे हार्मोनिक हिशोबापेक्षा किंचित चढे येतात. आपल्या तारेत पाचव्याला फरक एका हर्ट्झहून कमी आहे, दहाव्याला सहाएक हर्ट्झ. तार जाड आणि आखूड केली तर हा फरक झपाट्याने वाढतो.

दुसरी गोष्ट कानाला लगेच कळते. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप लावा आणि तार बरोबर मधोमध छेडा. २४३, ७३०, १२१७ या रेघा उंच दिसतील, ४८७ आणि ९७४ जवळजवळ नाहीशा. मध्ये ज्यांचा नोड आहे त्या हार्मोनिकना मधून ढकलता येत नाही. घोडीजवळ छेडलं की सगळ्या रेघा परत येतात आणि आवाज टोकदार होतो.

आता हाच नियम घेऊन तंबोऱ्याकडे जाऊ. मिरजेत बनलेला तंबोरा महाराष्ट्रात घरोघरी गाणाऱ्यांकडे असतो. त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. आपल्या आकड्यांत तो पाचवा हार्मोनिक आहे: १२१७ भागिले ९७४ म्हणजे सव्वा, आणि सा ते शुद्ध गंधार हे गुणोत्तर नेमकं सव्वाच. तिसरा हार्मोनिक असाच मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला पंचम.

पण तंबोऱ्याची घोडी आपल्या घोडीसारखी धारदार नाही. ती रुंद आणि किंचित उतरती असते, तार गुंजत राहावी म्हणून तिलाच जवारी काढतात, आणि तार व घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवतात. कंपन पावताना तार त्या उतारावर टेकते आणि सुटते, म्हणजे तिचं एक टोक नीट एका जागी बांधलेलं राहतच नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखवलं की या वाद्यांत ज्या जागी तार छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा नोड आहे, जो आपल्या फळीवर गायब व्हायला हवा, तोही ठळकपणे वाजतो. टेकण्या-सुटण्यात तार स्वतःच एका हार्मोनिकची ऊर्जा दुसऱ्याला देत राहते.

घरात तंबोरा असेल तर हे तुम्हीही तपासू शकता. जवारी लागलेली तार मधोमध छेडा आणि स्पेक्ट्रममध्ये दुसऱ्या हार्मोनिकच्या जागी पाहा. मग दोरा काढून घ्या आणि तीच तार त्याच जागी, तेवढ्याच जोराने पुन्हा छेडा. दोन्ही चित्रांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की घोडीने केलेलं काम डोळ्यांसमोर येतं.